'हा स्ट्रॉ मॅन आहे' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?

पत्र

ताई, नमस्कार. मी ठाण्याला नववीत आहे आणि शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन आहे. आंतरशालेय स्पर्धेत आम्हांला विषय होता, 'रविवारी सकाळी तलावपाळीचा रस्ता वाहनांसाठी बंद ठेवावा'. आम्ही बाजूने बोललो. समोरचा संघ म्हणाला, "यांना ठाण्यात गाड्याच नकोत. मग आजी-आजोबांनी स्टेशनला काय चालत जायचं?" मी खंडनात सांगितलं की हा स्ट्रॉ मॅन आहे. मग त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "ही स्वतः बाबांच्या गाडीतून स्पर्धेला आली." सगळे हसले. मी म्हटलं, हा अ‍ॅड होमिनेम आहे. आमचं शेवटचं वाक्य होतं, "ज्यांना लहान मुलांच्या फुफ्फुसांची काळजी आहे ते आमच्या बाजूने असतील, बाकीच्यांना गाड्या प्रिय." त्याला टाळ्यासुद्धा पडल्या. तरी आम्ही हरलो. परीक्षक म्हणाले, "तुम्ही चुकांची नावं सांगितलीत, उत्तरं दिली नाहीत." आम्ही सगळे तर्कदोष पाठ केले होते. मग ते शिकायचे तरी कशाला, आणि समोरच्याने केला तर करायचं काय?

— वादविवाद संघाची कॅप्टन, ठाणे

उत्तर

परीक्षकांचं म्हणणं मला पटतं, आणि ते नीट समजलं तर तुमची मेहनत वाया गेलेली नाही हेही तुझ्या लक्षात येईल. 'हा अमुक तर्कदोष आहे' हे वाक्य म्हणजे एक आरोप आहे. आरोप करणाऱ्याने तो दाखवून द्यावा लागतो. समोरच्याने नेमकं काय गाळलं, काय घुसवलं, कुठून कुठे उडी मारली, हे सभागृहात बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. त्यातले निम्मे कोणाचे तरी आईबाबा असतात. त्यांनी स्ट्रॉ मॅन हा शब्द कधी ऐकलेला नसतो, पण त्यांना हिशेब कळतो. तू नाव सांगून बसलीस तेव्हा आजी-आजोबांचा प्रश्न तसाच हवेत राहिला आणि परीक्षकांच्या कागदावर तो 'अनुत्तरित' म्हणून गेला.

तेव्हा आपण तेच वाक्य घेऊ आणि त्यात काय झालं ते सावकाश पाहू.

तुमचं पहिलं भाषण माझ्यासमोर नाही. मी असं धरते की तुमची मागणी साधारण अशी होती: रविवारी सकाळी 6 ते 9, फक्त तलावाभोवतीचा रस्ता, रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि तिथले रहिवासी वगळून. समोरच्यांनी त्याचं केलं, 'यांना ठाण्यात गाड्याच नकोत'. आता दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून काढ. वेळ गेली, जागा गेली, अपवाद गेले. एक रस्ता होता त्याचं अख्खं ठाणे झालं, तीन तास होते त्याचं कायमचं झालं. तुम्ही न मांडलेली, पाडायला सोपी अशी मागणी तुमच्या नावावर उभी केली आणि तीच पाडली. स्ट्रॉ मॅन तो हाच.

हे बहुतेक वेळा लहान शब्दांत घडतं. 'फक्त', 'बहुतेक', 'काही', 'पर्यंत', 'वगळून', 'शक्यतो' हे शब्द समोरचा बोलताना आपल्या कानांवरून घसरून जातात, आणि आपण त्याचं म्हणणं परत सांगतो तेव्हा ते नसतात. मराठीत आणखी एक खोड आहे, ती म्हणजे 'च'. 'गाड्या नकोत' म्हणणाऱ्याला 'गाड्या नकोतच' म्हटल्याचं सांगितलं की एका अक्षराने त्याची मागणी टोकाला नेलेली असते. समोरचा तुमचं वाक्य उद्धृत करत असेल तेव्हा या दोन गोष्टींकडे कान लाव: कोणता लहान शब्द गळला आणि कुठे 'च' चिकटला. दोष सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता तिथेच असते.

पण त्यांच्यावर आरोप करण्याआधी आपलं स्वतःचं भाषण तपासायचं. हे मी प्रत्येक संघाला सांगते, कारण इथे मुलं हमखास फसतात. तुमच्यातला कोणी पहिल्या मिनिटात, आवाज चढवून, 'गाड्यांनी या शहराचा श्वास कोंडलाय, गाड्या हटल्याच पाहिजेत' असं काही बोलून गेला होता का? बोलला असेल तर समोरच्याने तुमच्या तोंडी काही घातलेलं नाही. तुम्ही दिलेलंच वाक्य त्याने उचललं. अशा वेळी स्ट्रॉ मॅनचा आरोप तुमच्यावरच उलटतो, कारण परीक्षकांनी ते वाक्य टिपून ठेवलेलं असतं. मग सरळ सांगावं, 'आमचं ते वाक्य मोघम होतं, आमची मागणी ही अशी आहे', आणि पुढे जावं. त्यात कमीपणा नाही, वेळही वाचतो.

समजा, तुमचं भाषण स्वच्छ होतं. मग खंडन असं होऊ शकलं असतं:

'आम्ही मागितलं ते रविवारी सकाळी 6 ते 9, फक्त तलावाभोवती, रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि रहिवासी वगळून. समोरच्या संघाने वेळ गाळली, जागा गाळली, अपवाद गाळले आणि जे उरलं त्यावर टीका केली. तरीही त्यांचा आजी-आजोबांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. त्या तीन तासांत स्टेशनला जाणाऱ्या रिक्षेला वळसा पडेल. ही गैरसोय आहे, आम्ही ती मान्य करतो. पण ती आठवड्याच्या 168 तासांपैकी 3 तासांची आहे, आणि त्या बदल्यात या भागातल्या मुलांना आणि याच आजी-आजोबांना तलावाकाठी मोकळा रस्ता मिळतो.'

घड्याळ लावून म्हणून बघ. सावकाश म्हटलं तरी मिनिटाच्या आत बसतं. यात स्ट्रॉ मॅन हा शब्द एकदाही आलेला नाही. आधी आपलं वाक्य जसंच्या तसं, मग काय गळलं ते, आणि मग त्यांच्या प्रश्नातला जो खरा भाग होता त्याला उत्तर. हा तिसरा टप्पा तुमच्याकडून राहिला. विपर्यास केलेल्या वाक्यातसुद्धा बहुतेकदा एखादी खरी अडचण दडलेली असते, म्हणून तर ते वाक्य ऐकणाऱ्यांना पटतं. तिला हात न लावता नुसता विपर्यास दाखवला तर ऐकणारा म्हणतो, 'ते ठीक आहे, पण माझ्या आईने स्टेशनला जायचं कसं?'

या उत्तरात मी एक मोह टाळला आहे, तोही सांगते. व्यासपीठावर कोंडी झाली की चटकन बोलावंसं वाटतं, 'मग ज्येष्ठ नागरिकांच्या रिक्षांना आम्ही सोडू'. हा अपवाद पहिल्या भाषणात होता का? नसेल तर तुम्ही स्पर्धेच्या मध्यावर स्वतःची मागणी बदलली. समोरचा संघ जागा असेल तर लगेच विचारेल, 'अजून किती जणांना सोडणार?' गैरसोय कबूल करून तिचं मोजमाप सांगणं हे ऐनवेळी अपवाद वाढवण्यापेक्षा केव्हाही भक्कम. अपवाद हवे असतील तर ते घरी बसून ठरवायचे आणि पहिल्याच भाषणात सांगायचे.

आता उलट बाजू. समोरच्याची प्रत्येक न आवडणारी गोष्ट स्ट्रॉ मॅन नसते. समजा, ते म्हणाले असते, 'तुम्ही हा रस्ता बंद केलात तर सगळी गर्दी शेजारच्या रस्त्यांवर जाईल.' तुम्ही असं कुठेच म्हटलं नव्हतं, तरी हा विपर्यास नाही. ते तुमचं म्हणणं सांगत नाहीत, तुमच्या म्हणण्याचा परिणाम सांगत आहेत. फरक ओळखायला क्रियापद ऐक. 'हे म्हणतात की…' असं वाक्य असेल तर आपण तसं म्हटलं का ते तपासायचं. 'यामुळे असं होईल…' असं असेल तर तसं खरंच होईल का त्यावर वाद घालायचा. दुसऱ्या प्रकाराला स्ट्रॉ मॅन म्हणणारे संघ मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि तिथे त्यांचे गुण हकनाक जातात.

परिणामांची साखळी लांबली की मात्र वेगळा दोष येतो, घसरगुंडीचा. 'आज रविवार, उद्या शनिवार, परवा रोज, आणि मग जांभळी नाक्याची मंडईच उठेल.' इथे शेवटच्या भीतीशी भांडू नकोस, एकेक दुवा विचार. रविवारवरून शनिवारवर जायला नवीन निर्णय लागेल का? तो कोण घेईल? घेणाऱ्यांवर तसा दबाव आहे का? प्रत्येक पायरीला स्वतंत्र निर्णय लागत असेल आणि तो होईलच असं मानायला त्यांनी कारण दिलं नसेल, तर साखळी तुटली. पण त्यांनी कारण दिलं, उदाहरणार्थ हा नियम पुढे वाढवण्याचा ठराव आधीच मांडलेला आहे असं दाखवून दिलं, तर ती घसरगुंडी नाही, रास्त इशारा आहे. मग त्याला रास्त उत्तर द्यावं लागेल.

आता गाडीची गोष्ट. सगळे हसले तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. नववीतल्या मुलीला भरल्या सभेत असं बोलणं बरं नव्हतं. पण दुखावणारं बोलणं आणि तर्कदोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणी नुसतंच 'तू मूर्ख आहेस' म्हटलं आणि त्याचा मुद्दा वेगळा, स्वतंत्रपणे मांडला, तर तो उद्धटपणा झाला. अ‍ॅड होमिनेम हा तर्कदोष होतो तो 'तू अशी आहेस, म्हणून तुझा मुद्दा चूक' असा सांधा जोडल्यावर. त्या मुलाने सांधा उघड जोडला नाही, हशावर सोडून दिला. त्यामुळे तुझं पहिलं काम होतं तो सांधा उघड्यावर आणणं. हशा संपू द्यायचा, घाईने त्याच्या वर बोलायचं नाही, आणि मग:

'हो, मी गाडीतून आले. मी चालत आले असते तरी रविवारी सकाळी तलावपाळीवर मुलांना सायकल चालवायला मोकळा रस्ता मिळाला नसता. म्हणजे मी कशी आले यावर हा प्रश्न सुटत नाही. आता मुद्द्याकडे येऊ.'

पहिल्याच दोन शब्दांत कबुली दिली की त्यांच्या वाक्यातली हवा निघते. चोरून ठेवलेलं काहीतरी त्यांनी उघड केलं असं वाटत होतं, ते उरत नाही. जे करायचं नाही ते म्हणजे उलट ओरडणं: 'तुम्ही पण गाडीतूनच आलात!' प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, गौतमांच्या न्यायसूत्रांत, वादात माणूस हरला असं कधी मानायचं याची यादी आहे. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात आणि ती 22 आहेत. त्यातलं एक आहे मतानुज्ञा. आपल्यावर दाखवलेला दोष न निवारता 'तोच दोष तुझ्यातही आहे' असं म्हणणारा माणूस आपल्यातला दोष मान्य करून बसतो, असं ते सांगतं. 'तुम्ही पण' म्हणणाऱ्याची नेमकी हीच गत होते. दोघांच्या गाड्या बाहेर उभ्या राहतात आणि तलावपाळीचा विषय बाजूलाच राहतो.

मात्र व्यक्तीबद्दल बोलणं प्रत्येक वेळी गैर नसतं, आणि नुसती नावं पाठ केलेल्या मुलांना हे सांगायचं राहून जातं. तुझ्या भाषणात तू म्हणाली असतीस, 'ठाण्यात कुठेही चालत जाणं सोपं आहे, आम्ही स्वतः चालतच येतो', तर तुझी गाडी हा मुद्द्याचाच भाग झाला असता. तू स्वतःला पुरावा म्हणून उभं केलंस, मग त्या पुराव्याची तपासणी होणारच. कसोटी अशी: मुद्दा त्या माणसाच्या शब्दावर टेकलेला आहे का? असेल तर त्याचा खरेपणा, त्याची माहिती, त्याचा हितसंबंध हे सगळं विचारता येतं. नसेल तर ते सगळं अवांतर.

समजा, समोरच्या संघाने एका दुकानदाराचं म्हणणं वाचून दाखवलं की रविवारी रस्ता बंद झाला तर धंदा बुडेल. 'दुकानदार आहे, तो असंच म्हणणार' एवढ्यावर त्याला उडवून लावलं तर तुम्ही मुद्दा सोडून माणसावर घसरलात. पण 'त्यांचा यात फायदा-तोटा आहे, म्हणून त्यांच्या शब्दाबरोबर आम्हांला विक्रीचे आकडेही हवेत. सकाळी 6 ते 9 मध्ये दुकान उघडं असतं का?' असं विचारलंत तर ते योग्य आहे. हितसंबंध असला की पुरावा जास्त मागायचा. हितसंबंध आहे म्हणून माणूस खोटं बोलतोय असा निकाल द्यायचा नाही.

तुमचं टाळ्यांचं वाक्य मला मुद्दाम हातात घ्यायचं आहे. त्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही तुमच्या यादीत असणार. 'मुलांची काळजी असणारे आमच्या बाजूने, बाकीच्यांना गाड्या प्रिय' म्हणताना तुम्ही सगळ्या शहराचे दोनच गट केलेत. मुलांच्या फुफ्फुसांची मनापासून काळजी असलेला माणूसही म्हणू शकतो की तीन तासांनी काही साधत नाही, किंवा वळवलेल्या गाड्या शेजारच्या घरांसमोर धूर सोडतील. त्याला तुमच्या वाक्यात जागाच नाही. आणि उरलेल्यांना तुम्ही बोलायच्या आधीच बेफिकीर ठरवलंत. मुद्द्याऐवजी माणसावर बोट ठेवलंत. गाडीच्या शेऱ्याबद्दल ज्या दोषाची तक्रार केलीत तोच दोष, थोड्या गोड भाषेत. परीक्षकांनी दोन्ही वाक्यं ऐकली आहेत, आणि त्यांच्या कागदावर हशाला आणि टाळ्यांना गुण नसतात.

त्याहून मोठी अडचण फुफ्फुसांच्या मुद्द्यातच आहे. मघाशी मी तुला उत्तर दिलं की गैरसोय 168 तासांपैकी फक्त 3 तासांची आहे. हाच आकडा समोरच्या हुशार वक्त्याच्या हातात दे. तो म्हणेल, 'तीन तास इतके थोडे आहेत की गैरसोय नगण्य, असं तुम्हीच म्हणता. मग त्याच तीन तासांत हवा सुधारते कशी?' तू याला अ‍ॅड होमिनेम म्हणशील का? तो तुमच्याबद्दलच बोलतोय, पण तुमच्या चारित्र्याबद्दल नाही. तुम्ही मान्य केलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच तो दाखवतोय. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1690 मध्ये अ‍ॅड होमिनेम हा शब्द वापरला तो जवळपास याच अर्थाने: माणसाला त्याच्याच तत्त्वांवरून आणि कबुलीवरून निघणाऱ्या निष्कर्षांनी कोंडीत धरणं. शिवी देणं हा अर्थ त्यात नव्हता. अशी विसंगती दाखवणं वादविवादात पूर्णपणे चालतं. त्याने तुमची मागणी चूक ठरत नाही, पण तुमच्या दोन मुद्द्यांपैकी एक तुम्हांला सोडावा लागतो.

कोणता सोडायचा? मी फुफ्फुसं सोडेन. रविवारच्या तीन तासांनी ठाण्याची हवा शुद्ध होते असं सिद्ध करायला तुमच्याकडे काही नाही. पण त्या तीन तासांत रस्त्यावर मूल सायकल शिकू शकतं, आजोबा गाड्यांच्या मधून वाट न काढता तलावाला फेरी मारू शकतात. हे सिद्ध करायला आकडे लागत नाहीत, तिथे उभं राहिलं की दिसतं. शेवटचं वाक्य या जागेवर उभं करा. टाळ्या कदाचित कमी पडतील, पण ते वाक्य कोणाला पाडता येणार नाही.

आणि एक सावधगिरी. समोरच्या संघाचे दोन्ही दोष तुम्ही उत्तम दाखवून दिलेत असं धरलं, तरी त्याने तुमची मागणी सिद्ध झाली नसती. त्यांची कारणं लंगडी होती एवढंच ठरलं असतं. बरोबर असलेल्या गोष्टीसाठीही माणसं चुकीची कारणं देतात. म्हणून खंडनाचा वेळ ठरवताना अर्धा त्यांच्या मुद्द्यांसाठी ठेव, अर्धा आपल्याकडे परत येऊन आपली मागणी का योग्य हे सांगण्यासाठी.

सरावाबद्दल. निग्रहस्थानांच्या त्याच यादीत आणखी एक आहे, अननुभाषण. प्रतिवाद्याने तीनदा सांगितलेलं, सभेला कळलेलं म्हणणं ज्याला परत म्हणून दाखवता येत नाही तो हरला. मला हा नियम फार मोलाचा वाटतो आणि तुमचा सराव याच्यावरच बांधावा असं मी सुचवेन. दोघांच्या जोड्या करा. एकाने मिनिटभर मुद्दा मांडायचा. दुसऱ्याने खंडनाआधी एका वाक्यात त्याचं म्हणणं परत सांगायचं. पहिल्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत खंडन सुरू करायचं नाही. सुरुवातीला दोन-तीनदा तरी 'नाही, मी असं नव्हतो म्हणालो' असं ऐकावं लागेल. प्रत्येक वेळी नेमका कोणता शब्द सुटला होता ते वहीत लिहा. आठवड्याभराने ती यादी वाचा, तुमच्या संघाची सवय तिथे उघडी पडेल. काही मुलं वेळ-काळाचे शब्द गाळतात, काही अपवाद गाळतात, काहींना सगळीकडे 'च' लावायची सवय असते.

स्पर्धेत लिहून घेताना कागदाचे तीन उभे भाग करा. पहिल्यात समोरच्याचं वाक्य, शक्य तितकं त्याच्याच शब्दांत. दुसऱ्यात त्यातला खरा भाग, म्हणजे विपर्यास काढून टाकल्यावर उरणारी अडचण. तिसऱ्यात आपलं उत्तर. दुसरा भाग रिकामा ठेवून तिसऱ्यावर उडी मारायची नाही. तिथे खरोखर काहीच उरत नसेल तर तसं लिहा आणि तो मुद्दा एका वाक्यात संपवा, सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही. तर्कदोषांची नावं कागदाच्या कडेला, स्वतःपुरती लिहा. स्ट्रॉ मॅन लिहिलंत की हात आपोआप 'काय गळलं' हे शोधायला लागतो, अ‍ॅड होमिनेम लिहिलंत की 'मुद्दा या माणसाच्या शब्दावर टेकलाय का' हे विचारायला लागतो. नावं पाठ केल्याचा खरा उपयोग हा आहे. व्यासपीठावर ती उच्चारलीच नाहीत तरी चालेल.

पुढच्या सरावाला विषय हाच ठेवा, फक्त या वेळी तुम्ही विरोधात बोला. आजी-आजोबांचा मुद्दा वापरू नका, तो समोरच्यांनी वापरून झाला. मी त्यांच्या जागी असते तर जांभळी नाक्याला माल घेऊन येणाऱ्या भाजीच्या टेम्पोंपासून सुरुवात केली असती: सकाळी 6 ते 9 हीच त्यांची घाईची वेळ असते का, त्यांना दुसरी वाट कोणती, आणि उशिरा पोचलेल्या मालाचं नुकसान कोण सोसणार. एखाद्या रविवारी लवकर उठून संघातले दोघं तिथे जा, विक्रेत्या काकांना आणि मावशींना विचारा, आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. मग तुमच्यातल्याच दोघांना बाजूने उभं करून त्या प्रश्नाला उत्तर द्यायला लावा.